पाच रुपयांच्या फेरीमुळे शंभर रुपयांचा फरक: शोधखर्च आणि एकाच वस्तूच्या अनेक किमती

प्रश्न: एका गावात तीच वस्तू विकणारी पंचवीस दुकानं आहेत. पुढच्या दुकानात जायला गिऱ्हाइकाला फार तर पाच रुपयांचा त्रास. तरी पुस्तकात म्हणतात की किंमत मक्तेदारीच्या पातळीवर जाऊन बसते. एवढ्याशा खर्चाने इतकं कसं होईल? आणि ते खरं असेल तर प्रत्यक्षात दुकानादुकानांत भाव वेगळे का दिसतात?

उत्तर:

दोन्ही गोष्टींची किल्ली एकच आहे: दुकानात पाऊल टाकेपर्यंत गिऱ्हाइकाला तिथला भाव कळत नाही. पाच रुपये ही रक्कम लहान आहे, पण ते भाव कळण्याआधी खर्च करावे लागतात. सगळा खेळ या क्रमाचा आहे.

आकडे घेऊन बघू. वस्तू म्हणजे अर्धा इंची पितळी नळ, सुटा विकला जाणारा, सगळीकडे अगदी सारखा. दुकानदाराला तो १०० रुपयांना पडतो. गिऱ्हाईक जास्तीत जास्त २०० रुपये द्यायला तयार आहे आणि त्याला एकच नळ हवा आहे. पहिलं दुकान वाटेवरच आहे, तिथे जायला काही पडत नाही. त्यापुढच्या प्रत्येक दुकानाला पाच रुपये.

आता समजा बाजारात काहीही भाव चालू आहेत, एकसारखे किंवा वेगवेगळे. त्यातला सर्वांत कमी भाव धरा, समजा १३०. त्या दुकानदाराने उद्या १३४ सांगितले तर काय होईल? त्याच्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर सर्वांत चांगलं काय मिळू शकतं? १३०, आणि वर फेरीचे पाच, म्हणजे १३५. तो जाणार नाही. दुकानदाराचं एकही गिऱ्हाईक न गमावता दर नगामागे चार रुपये वाढले. म्हणजे १३० हा सर्वांत कमी भाव टिकू शकत नाही. हाच हिशेब १३४ ला, १५० ला, १९० ला लागू होतो. सर्वांत स्वस्त दुकानाला भाव वाढवावासा वाटणार नाही अशी एकच जागा उरते, २००. आणि सर्वांत कमी भावच २०० असेल तर सगळ्यांचाच २००. एकाच युक्तिवादातून दोन निष्कर्ष निघतात: भाव वरच्या टोकाला जातो, आणि भावांमधला फरक नाहीसा होतो.

हा युक्तिवाद पीटर डायमंड यांनी १९७१ मध्ये मांडला. त्याआधी १९६१ मध्ये जॉर्ज स्टिगलर यांनी शोधखर्चाचा, म्हणजे भाव शोधत फिरायला गिऱ्हाइकाला पडणाऱ्या खर्चाचा, विषय अर्थशास्त्रात आणला होता, पण त्यांनी भावांतला फरक गृहीत धरून गिऱ्हाइकाने किती दुकानं फिरावीत एवढंच विचारलं. डायमंड यांनी उलट बाजूने विचारलं: गिऱ्हाईक असं फिरणार हे दुकानदाराला ठाऊक असेल, तर तो भाव काय ठेवील? उत्तर असं आलं की फिरण्याचं कारणच उरत नाही.

इथे बहुतेक वाचक अडतात ते दुसऱ्या बाजूवर. सगळे २०० ला विकत असताना एखाद्याने १५० केले तर गर्दी त्याच्याकडे का लोटणार नाही? कारण गर्दीला ते कळतच नाही. ज्याच्या वाटेवर ते दुकान होतं तो येतो, २०० ची तयारी ठेवून आलेला असतो, आणि ५० रुपये वाचवून जातो. नवं गिऱ्हाईक एकही नाही. बरं, समजा गावात कुणकुण लागली की कुठल्यातरी एका दुकानात १५० ला मिळतोय, पण कुठल्या ते माहीत नाही. २०० सांगणाऱ्या दुकानात उभा असलेला माणूस उरलेल्या २४ दुकानांपैकी ते शोधायला निघाला तर सरासरी साडेबारा फेऱ्या होतील, म्हणजे साठाच्या वर खर्च. वाचणार ५०. तो निघणार नाही. दोन दुकानांनी भाव उतरवला असेल तर सरासरी आठ-नऊ फेऱ्यांत एक सापडेल, खर्च ४२ च्या आसपास, आणि मग निघणं परवडतं. पण दुसरा उतरवेल या भरवशावर पहिला दुकानदार आपला नफा का सोडेल?

शोधखर्च शून्य असेल तर मात्र चित्र पार वेगळं: भाव १०० वर येतो. शून्य आणि एक पैसा यांच्यात १०० रुपयांची दरी आहे. म्हणून फेरी पाचाऐवजी दोन रुपयांची झाली की भाव थोडा उतरेल, अशी अपेक्षा या चौकटीत चुकते. भाव वर सरकण्याच्या पायऱ्या लहान होतात, शेवटची पायरी तीच राहते.

'मक्तेदारीची पातळी' म्हणजे नेमकी कुठली, हेही नीट पाहायला हवं, कारण वरच्या उदाहरणात ती गिऱ्हाइकाच्या कमाल तयारीइतकी आहे आणि नेहमी तसं नसतं. गिऱ्हाईक एकाऐवजी अनेक नग घेणारं असेल आणि भाव वाढला की कमी नग घेत असेल, तर चढ मधेच थांबते. समजा तो २०० रुपयांना शून्य, आणि तिथून दर दहा रुपये कमी झाले की एक नग जास्त घेतो. वस्तू दुकानाला ४० ला पडते. एकट्या विक्रेत्याला सर्वांत जास्त नफा देणारा भाव १२० येतो: आठ नग, नगामागे ८० नफा, एकूण ६४०. पंचवीस दुकानं असली तरी सगळी १२० ला येऊन थांबतील. ती थांबतात शेजारच्या दुकानाच्या भीतीने नव्हे. १२० च्या पुढे तोच गिऱ्हाईक कमी माल उचलतो, म्हणून थांबतात.

हा फरक बारीक वाटेल, पण त्यावर बाजार उघडतो की नाही हे ठरतं. एकाच नळाच्या उदाहरणात पहिल्या दुकानात जायलाही पाच रुपये लागतात असं धरा. घरात बसलेल्या माणसाला माहीत आहे की तिथे गेल्यावर २०० सांगतील. २०० आणि पाच, म्हणजे २०५. वस्तूची त्याला किंमत २००. तो घरातून निघतच नाही. दुकानदाराने मनातल्या मनात १५० ठरवले तरी उपयोग नाही, कारण गिऱ्हाईक एकदा आलं की तो २०० मागेल हे गिऱ्हाइकालाही कळतं. अनेक नग घेणाऱ्याचं तसं होत नाही. १२० ला आठ नग घेऊनही त्याच्या पदरात ३२० रुपयांचा फायदा उरतो, त्यातून पाच सहज निघतात.

आपल्याकडच्या छापील कमाल किमतीकडे या नजरेने पाहण्यासारखं आहे. वेष्टनबंद मालावर ती छापणं सक्तीचं आहे. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कोणाची आडकाठी नाही. दुकानात जाण्याआधीच वरची मर्यादा माहीत असल्यामुळे 'गेल्यावर काय सांगतील' ही भीती जाते आणि गिऱ्हाईक घरातून निघतं. मात्र वरची मर्यादा सांगितल्याने त्याखाली स्पर्धा सुरू होत नाही. कोपऱ्यावरच्या सगळ्या दुकानांत बिस्किटाचा पुडा छापील किमतीलाच मिळतो, याला संगनमताची गरज नाही. वरचा युक्तिवाद पुरेसा आहे. जिथे छापील किमतीपेक्षा कमी भाव दिसतो तिथे बहुधा त्या विक्रेत्याने तो भाव बाहेर फलकावर, पत्रकात किंवा फोनवर आधीच सांगितलेला असतो. म्हणजे मूळ अट, भाव न पाहता आत जाणं, तिथे मोडलेली असते. (घासाघीस चालते तिथे हे गणित जसंच्या तसं लावू नका. तिथे विक्रेता समोरच्याला बाजार माहीत आहे का याचा अंदाज घेऊन प्रत्येकाला वेगळा भाव सांगतो. या चौकटीत तो एकच भाव सांगतो, घ्या किंवा जा.)

आता प्रश्नाचा दुसरा भाग. प्रत्यक्षात भाव वेगळे दिसतात, कारण सगळी गिऱ्हाइकं सारखी नसतात. काहींचा शोधखर्च खरोखर शून्याजवळ असतो: रोज बाजारात असणारा प्लंबर, चार दुकानांना फोन लावणारा ठेकेदार. यांना 'जाणकार' म्हणू. बाकीचे 'फिरस्ती टाळणारे'. थोडे जाणकार आले की एकच भाव टिकत नाही. सगळे १८० ला विकत असतील तर १७९ करणाऱ्याकडे सगळे जाणकार जातील. सगळे खाली खाली जात १०० ला पोचले तर एखादा म्हणेल, जाणकार गेले तरी चालतील, मी फिरस्ती टाळणाऱ्यांना वरच्या भावाने विकतो. दोन्हीकडून भाव हलत राहतो. स्थिर अवस्था एवढीच, की प्रत्येक दुकान ठरावीक पट्ट्यात आपला भाव अंदाज न येईल असा बदलत राहतं. हॅल वॅरियन यांनी १९८० मध्ये 'सेल' का लागतात याचं स्पष्टीकरण याच धर्तीवर दिलं. जाणकारांबरोबर टप्प्याटप्प्याने शोधणारं गिऱ्हाईक घेऊन डेल स्टाल यांनी १९८९ मध्ये ते डायमंड यांच्या निष्कर्षाला जोडलं.

आकडे पुन्हा सुरुवातीच्या नळाचेच घेऊ, दुकानाला १०० ला पडणारा, गिऱ्हाइकाची तयारी २०० पर्यंत. दोन दुकानं, १०० गिऱ्हाइकं, त्यातले ४० जाणकार. उरलेले ६० दोन दुकानांत ३०-३०. आधी एक सोपी पायरी: ते ६० जण अजिबात फिरत नाहीत असं धरू. कोणतंही दुकान जाणकारांचा नाद सोडून २०० लावू शकतं आणि ३० नगांवर ३,००० कमावू शकतं. जाणकार मिळवायचे तर भाव इतकाच खाली नेणं परवडेल की ७० नगांवर तेवढेच ३,००० सुटतील, म्हणजे नगामागे ४३, भाव १४३. पट्टा १४३ ते २००. मधल्या प्रत्येक भावाला दोन्ही दुकानांची सरासरी कमाई ३,००० च राहिली पाहिजे, या अटीवरून भावांची वाटणी, म्हणजे कोणता भाव किती वेळा लागेल ते, निघते. ती सोडवली की निम्म्या वेळा भाव १६० च्या खाली येतो, जाणकार सरासरी सुमारे १५५ देतात आणि बाकीचे सुमारे १६४.

पुढची पायरी: हे ६० जण पाच रुपये खर्चून दुसऱ्या दुकानात जाऊ शकतात. समोरचा भाव आणि दुसऱ्या दुकानातला अपेक्षित सरासरी भाव यांत पाचापेक्षा जास्त अंतर असेल तर ते निघतील. म्हणून कोणतंही दुकान सरासरीपेक्षा पाच रुपयांहून जास्त वर जाऊ शकत नाही. पण वरचं टोक खाली आलं की सरासरीही खाली येते, त्यामुळे टोक आणखी खाली येतं. ४० जाणकार असताना ही घसरण १०६ ते ११४ च्या पट्ट्यात थांबते. डायमंडच्या २०० पासून किती दूर आलो पाहा. शोधखर्च मात्र तोच, पाच.

जाणकार १० केले की पट्टा १४२ ते १५२ होतो. दोनच ठेवले तर १९६ ते २००, म्हणजे जवळजवळ मक्तेदारी. या उदाहरणात वळण पाच टक्क्यांच्या आसपास आहे: जाणकारांचं प्रमाण त्याखाली गेलं की फिरून काही वाचणार नाही हे सगळ्यांना पटतं आणि वरचं टोक २०० ला चिकटतं. थोडे जाणकार असताना तो पाच टक्क्यांचा आकडा शोधखर्च भागिले कमाल नफा, म्हणजे ५ भागिले १००, याच्या जवळ येतो. स्वतःचं उदाहरण मांडायचं असेल तर आधी हा भागाकार करून पाहा. किंमत मक्तेदारीच्या टोकाला चिकटणार की नाही याचा पहिला अंदाज त्यातून येतो.

दुकानं वाढली तर? मन म्हणतं, स्पर्धा वाढेल, भाव उतरेल. इथे उलट होतं. तेच ४० जाणकार आणि ६० बाकीचे, पण दुकानं दोनाऐवजी दहा घेतली तर सरासरी भाव १०९ वरून सुमारे १२१ वर जातो आणि वरचं टोक १२६ ला. कारण सर्वांत स्वस्त ठरून सगळे जाणकार मिळवण्याची शक्यता दहात एक झाली. त्या पैजेपेक्षा आपल्या वाट्याच्या सहा जणांना वरच्या भावाने विकणं बहुतेक वेळा बरं. क्वचित एखादं दुकान भाव खूप पाडतं, बाकी सगळी वरच्या टोकाजवळ गोळा होतात. त्यामुळे एकाच मालाच्या दुकानांच्या ओळीत, उदाहरणार्थ मुंबईतल्या लोहार चाळीसारख्या विजेच्या सामानाच्या बाजारात, भाव खाली राहत असेल तर त्याचं श्रेय दुकानांच्या संख्येला देण्याआधी तिथल्या गिऱ्हाइकांत रोज खरेदी करणारे इलेक्ट्रिशियन आणि ठेकेदार किती आहेत ते मोजावं. दारं शेजारी-शेजारी असल्याने शोधखर्च कमी होतो हे खरं, पण जाणकारच नसते तर तेवढ्याने भाव उतरला नसता.

हे नुसतं कागदावरचं आहे का? औषधांच्या बाबतीत ॲलन सोरेनसन यांचा २००० मधला अभ्यास उपयोगी आहे. न्यूयॉर्क राज्यात औषध दुकानांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांचे भाव फलकावर लावणं कायद्याने भाग होतं. दोन लहान गावांत तेच औषध, तीच मात्रा, तरी सर्वांत महाग दुकानाचा भाव सर्वांत स्वस्त दुकानापेक्षा सरासरी ५० टक्क्यांहून जास्त होता. जी औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात त्यांच्यात हा फरक कमी, आणि एकदाच लागणाऱ्यांत जास्त. दर महिन्याला औषध घेणाऱ्याला एकदा शोधलेला भाव बारा वेळा कामी येतो, म्हणून तो शोधतो. दुसरा दाखला अमेरिकेतल्या मुदत विम्याचा. जेफ्री ब्राउन आणि ऑस्टन गूल्सबी यांनी २००२ मध्ये दाखवलं की तुलना करणाऱ्या संकेतस्थळांमुळे हप्ते ८ ते १५ टक्क्यांनी उतरले. भावांतला फरक मात्र आधी वाढला आणि वापर पसरल्यावर कमी झाला. वरच्या आकड्यांचा पट्टा पाहा: दोन जाणकारांना चार रुपयांचा, दहांना दहाचा, चाळीसांना पुन्हा आठाचा. नेमकी तीच चाल.

स्वतः आकडे गोळा करणार असाल तर सर्वांत मोठी फसगत 'एकसारखी वस्तू' या शब्दांत असते. एक दुकान घरपोच देतं, दुसरं उधारी ठेवतं, तिसऱ्याच्या भावात बसवण्याची मजुरी आणि जीएसटी धरलेला असतो. असा फरक शोधखर्चातून आलेला नसतो. तपासायची रीत अशी: दर आठवड्याला सगळ्या दुकानांचे अंतिम, कर धरून भाव नोंदवा आणि स्वस्त ते महाग असा क्रम लावा. आठवडेच्या आठवडे तेच दुकान सर्वांत स्वस्त असेल तर कारण सेवा, भाडं किंवा खरेदीचा भाव यांत शोधा. त्याला वर सांगितलेलं हलतं भावांचं गणित लावू नका. क्रम फिरत राहत असेल, आज स्वस्त असलेलं दुकान पुढच्या महिन्यात महाग, तर गिऱ्हाइकाला अनुभवावरून शिकता येत नाही आणि फरक टिकून राहतो. तेव्हाच सर्वांत महाग भाव वजा सरासरी भाव हा फिरस्ती टाळणाऱ्यांच्या शोधखर्चाचा ढोबळ अंदाज म्हणून घेता येतो. वर पाहा, ११४ आणि १०९, १२६ आणि १२१, दोन्हीकडे पाचच.

शेवटी, यावरून 'सगळे भाव जाहीर करा' हा उपाय सुचतो, तिथे एक अडचण आहे. डेन्मार्कच्या स्पर्धा प्राधिकरणाने १९९३ मध्ये काही भागांत तयार काँक्रीटचे प्रत्यक्ष व्यवहारांतले भाव कंपनीनिहाय प्रसिद्ध करायचं ठरवलं. हेतू खरेदीदाराला माहिती मिळावी हा होता. भाव प्रसिद्ध व्हायला लागल्यापासून वर्षभरात ते १५ ते २० टक्क्यांनी वाढले. विक्रेते मोजकेच होते, प्रत्येक जण गुपचूप सूट देऊन दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढत होता, आणि आता कोण सूट देतोय ते सगळ्यांना दिसायला लागलं. शोधखर्च खरेदीदाराचा कमी करायचा होता. कमी झाला तो एकमेकांवर नजर ठेवणाऱ्या विक्रेत्यांचा. म्हणून भावफलकाची योजना तपासताना आधी दोन गोष्टी विचाराव्या: खरेदीदार तो फलक खरेदीच्या आधी पाहणार आहे का, आणि विक्रेते इतके कमी आहेत का की तो फलक सर्वांत बारकाईने तेच वाचतील.